सिंहली शाळेची सूचना कशी वाचावी: सारखी दिसणारी अक्षरे आणि क्रियापदांचे प्रत्यय

सिंहली ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे आणि तिची लिपीही देवनागरीप्रमाणे ब्राह्मीतूनच आलेली आहे. त्यामुळे वर्णमालेचा क्रम, स्वरचिन्हे लावण्याची पद्धत आणि व्यंजनातला अंगभूत ‘अ’ या गोष्टी मराठी वाचकाला नव्याने शिकाव्या लागत नाहीत. तरीही श्रीलंकेतील शाळेच्या सूचनाफलकावरचे पाच ओळींचे निवेदन वाचताना, बोलण्यापुरती सिंहली येणारा माणूसही अडखळतो. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की या लिपीतील बरीच अक्षरे एकाच गोल देहाची असून त्यांच्यातील फरक एखाद्या गाठीचा किंवा वळणाचा असतो. दुसरे असे की लेखी सिंहलीतील क्रियापदांचे प्रत्यय बोलीतील प्रत्ययांहून अगदी निराळे असतात. ही दोन्ही कारणे वाक्याच्या शेवटी एकमेकांना भेटतात, कारण नेमकी जी अक्षरे सारखी दिसतात त्यांच्याच साहाय्याने लेखी क्रियापदांचे बरेचसे प्रत्यय बनलेले आहेत.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. पुढील सूचना या लेखासाठी रचली आहे; परंतु तिची भाषा आणि घाट शाळांच्या नेहमीच्या निवेदनांसारखाच आहे.

ගරු දෙමාපියනි,
8 ශ්‍රේණියේ දෙමාපිය රැස්වීම සිකුරාදා පස්වරු 2ට පාසල් ශාලාවේ දී පැවැත්වේ. එදින අමතර පන්ති නොපැවැත්වේ. සිසුහු පස්වරු 1.30ට නිවෙස් බලා යති. පැමිණිය නොහැකි නම් පන්තිභාර ගුරුතුමාට දැනුම් දිය යුතුය. රැස්වීමට සහභාගි වන මෙන් ඉල්ලා සිටිමි.
විදුහල්පති

देवनागरीत ती साधारण अशी वाचता येईल: ‘गरु देमापियनि, ८ श्रेणिये देमापिय रॅस्वीम सिकुरादा पस्वरु २ट पासल् शालावे दी पॅवॅत्वे. एदिन अमतर पन्ति नोपॅवॅत्वे. सिसुहु पस्वरु १.३०ट निवेस् बला यति. पॅमिणिय नोहॅकि नम् पन्तिभार गुरुतुमाट दॅनुम् दिय युतुय. रॅस्वीमट सहभागि वन मेन् इल्ला सिटिमि. विदुहल्पति.’ तिचा अर्थ असा: माननीय पालकहो, आठवीच्या पालकांची सभा शुक्रवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या सभागृहात भरेल. त्या दिवशी जादा तास होणार नाहीत. विद्यार्थी दुपारी दीड वाजता घरी जातील. येणे शक्य नसल्यास वर्गशिक्षकांना कळवले पाहिजे. सभेला उपस्थित राहावे अशी विनंती करतो. मुख्याध्यापक.

प्रथम अक्षरांकडे पाहू. सिंहली अक्षरांच्या गोलाईचे कारण म्हणून ताडपत्राचा उल्लेख नेहमी केला जातो: टोकदार लोखंडी लेखणीने ताडाच्या पानावर सरळ रेघ ओढली तर पान शिरेच्या दिशेने फाटते, म्हणून लेखनिकांनी रेघा वळवल्या. कारण काहीही असो, परिणाम असा की देवनागरीत उभा दंड आणि शिरोरेषा डोळ्यांना जो आधार देतात, तसा आधार येथे मिळत नाही. वाचकाला अक्षराच्या डाव्या बाजूकडे, म्हणजे जेथून लेखणी सुरू होते तेथे, लक्ष द्यावे लागते. बहुतेक फरक तेथेच दडलेले असतात.

ව हा ‘व’ आणि ම हा ‘म’. दोघांचा देह जवळपास एकच आहे. ම च्या डाव्या बाजूला एक छोटी गाठ आहे, ව मध्ये ती नाही. ත हा ‘त’ आणि න हा ‘न’. यांची उजवीकडची मोठी कमान सारखी असते आणि फरक डावीकडच्या सुरुवातीत असतो. ප हा ‘प’ आणि ස हा ‘स’ हेही असेच भाऊ आहेत, आणि ය म्हणजे ‘य’ हा त्यांचा चुलतभाऊ म्हणावा लागेल. नमुन्यातील පස්වරු आणि පාසල් या दोन्ही शब्दांत ප आणि ස शेजारी शेजारी येतात, त्यामुळे ती जोडी ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगले शब्द शोधण्याची गरज नाही. ග म्हणजे ‘ग’ आणि ශ म्हणजे ‘श’ यांची जोडीही याच सूचनेत ගරු आणि ශාලාවේ या शब्दांत भेटते.

ඛ, ඨ, ඵ यांसारखी महाप्राण अक्षरेही आपल्या अल्पप्राण किंवा इतर शेजाऱ्यांसारखी दिसतात. परंतु ती मुख्यतः संस्कृत आणि पाली शब्दांपुरती असल्याने सुरुवातीला त्यांच्यावर वेळ घालवू नये असे माझे मत आहे. वर्णमाला क, ख, ग, घ या क्रमाने घोटून घेण्याची जी पद्धत अनेक प्राथमिक पुस्तकांत असते, ती आपल्यासारख्या वाचकासाठी उलटी आहे. क्रम आपल्याला आधीच माहीत असतो. जे माहीत नसते ते म्हणजे कोणते अक्षर कोणासारखे दिसते, आणि तेच त्या क्रमात एकमेकांपासून दूर पडलेले असते.

खरा गोंधळ मात्र मूळ अक्षरांपेक्षा चिन्हांचा असतो. सिंहलीत उकाराच्या चिन्हाला ‘पापिल्ल’ म्हणतात आणि ते बहुतेक अक्षरांना खाली लागते. ‘र’ला मात्र ते खाली न लागता उजव्या कडेला चिकटते. ‘ॲ’ या स्वराचे चिन्ह, म्हणजे ‘ॲदपिल्ल’, हेही उजव्या कडेलाच असते. परिणामी රු म्हणजे ‘रु’ आणि රැ म्हणजे ‘रॅ’ यांच्यात फरक उरतो तो फक्त चिन्ह अक्षराला कोठे जोडले आहे आणि कसे वळले आहे एवढाच. आपल्या सूचनेत ගරු, පස්වරු आणि ගුරුතුමාට या तीन शब्दांत ‘रु’ आहे, तर රැස්වීම म्हणजे ‘सभा’ या शब्दात ‘रॅ’ आहे. नवशिक्या वाचक ‘रॅस्वीम’ऐवजी ‘रुस्वीम’ वाचतो, शब्दकोशात तो शब्द शोधतो आणि अर्थातच त्याला तो सापडत नाही. यावर सोपा उपाय असा की मोबाइलच्या सिंहली कळफलकावर ර टंकून त्याला एकदा उकार आणि एकदा ‘ॲ’चे चिन्ह लावावे आणि दोन्ही रूपे एकाखाली एक ठेवून छापील शब्दाशी ताडून पाहावीत. पडद्यावर ही रूपे कितीही सारखी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे शोध घेताना चुकीचे रूप टंकले की उत्तर मिळत नाही. तीच एक प्रकारे परीक्षाही ठरते.

दुसरे फसवे चिन्ह म्हणजे हलन्ताचे, ज्याला ‘हल् किरीम’ म्हणतात. त्याची दोन रूपे आहेत. න්, ත්, ස් यांसारख्या अक्षरांवर ते उजवीकडे वर फडकणाऱ्या निशाणासारखे दिसते. परंतु ව, ම, ට, බ अशी जी अक्षरे उजवीकडे वरच्या टोकाला संपतात, त्यांच्या त्याच टोकाला वेढा देऊन हलन्त बनवला जातो: ව්, ම්, ට්. आता ही रूपे ඉස්පිල්ල म्हणजे ऱ्हस्व इकाराच्या चिन्हाशेजारी ठेवून पाहा: ව් आणि වි, ම් आणि මි. इकारात अक्षराच्या डोक्यावर कमान येते, दीर्घ ईकारात त्या कमानीला शेवटी छोटा वेढा असतो, आणि हलन्तात अक्षराचीच रेघ वर जाऊन वळते. පැවැත්වේ या एकाच शब्दात हलन्ताची दोन्ही रूपे आहेत: ත් वर निशाण आणि शेवटच्या වේ मध्ये वेढा. त्यातही शेवटचा हलन्त स्वर काढून टाकण्यासाठी नाही. ‘ए’चे चिन्ह अक्षराच्या डावीकडे असताना उजवीकडे हल् किरीमही असेल, तर तो ‘ए’ दीर्घ उच्चारायचा असतो. म्हणून शेवटचे अक्षर ‘व्’ नसून दीर्घ ‘वे’ आहे.

येथून आपण क्रियापदांपर्यंत आलो, कारण हा ‘वे’ म्हणजेच लेखी भाषेतील एक प्रत्यय आहे.

बोलीतील सिंहलीत वर्तमानकाळाचे क्रियापद पुरुषाप्रमाणे किंवा वचनाप्रमाणे बदलत नाही. ‘मम करनवा’ म्हणजे मी करतो, ‘अपि करनवा’ म्हणजे आम्ही करतो, ‘एया करनवा’ म्हणजे तो किंवा ती करते, सगळीकडे ‘-नवा’. करतो, करते, करतात यांत भेद करणाऱ्या मराठी माणसाला हे फार सोपे वाटते आणि काही आठवड्यांत तो बोलूही लागतो. लेखी भाषेत मात्र हे सगळे भेद शिल्लक आहेत: මම කරමි, म्हणजे ‘मम करमि’, मी करतो; අපි කරමු, म्हणजे ‘अपि करमु’, आम्ही करतो; ඔහු කරයි, म्हणजे ‘ओहु करयि’, तो करतो; ඔවුහු කරති, म्हणजे ‘ओवुहु करति’, ते करतात. ज्याला संस्कृतातील ‘करोमि’ आठवते, त्याला ‘-मि’ हा प्रत्यय ओळखीचा वाटेल. भूतकाळात तर लिंगभेदही दिसतो: ‘विद्यार्थी आला’ हे සිසුවා පැමිණියේය, म्हणजे ‘सिसुवा पॅमिणियेय’, आणि ‘विद्यार्थिनी आली’ हे සිසුවිය පැමිණියාය, म्हणजे ‘सिसुविय पॅमिणियाय’. बोलताना दोघांनाही ‘आवा’ एवढेच पुरते.

ही रूपे फक्त पुस्तकात राहिलेली नाहीत. बातम्या, शासकीय पत्रे आणि शाळेच्या सूचना आजही याच रूपात लिहिल्या जातात, आणि बातमीपत्र मोठ्याने वाचले जाते तेही याच रूपात. घरी किंवा बाजारात मात्र कोणी ‘करमि’ म्हणत नाही. श्रीलंकेतील मुलांना ही लेखी भाषा शाळेतच शिकावी लागते. वाक्यातील कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ बसवणे हा तेथील भाषेच्या अभ्यासातील नेहमीचा धडा आहे. कर्त्याला ‘उक्त’ आणि क्रियापदाला ‘आख्यात’ म्हणतात, आणि मराठी व्याकरण वाचलेल्याला दुसरा शब्द परका वाटणार नाही. विसाव्या शतकात मुनिदास कुमारतुंग (१८८७–१९४४) यांच्यासारख्या वैयाकरणांनी लेखी भाषेच्या शुद्धतेचा जोरदार आग्रह धरला, आणि या प्रत्ययांबाबतची कडक शिस्त शिक्षणात आजही जाणवते.

आता सूचनेतील वाक्ये एकेक करून पाहू. पहिल्या वाक्यात सभा भरण्यासाठी පැවැත්වේ आहे. बोलीत हेच ‘देमापिय रॅस्वीम सिकुरादा हवस देकट तियेनवा’ असे होईल. म्हणजे केवळ प्रत्यय बदलत नाही, तर धातूही बदलतो आणि ‘पस्वरु’ऐवजी ‘हवस’ येते. लेखी वर्तमानकाळच येथे भविष्यकाळाचे काम करतो, जसे आपण ‘सभा शुक्रवारी आहे’ म्हणतो. काही शाळा यापेक्षाही जड रूप वापरतात आणि පවත්වනු ලැබේ, ‘पवत्वनु लॅबे’, म्हणजे ‘भरवली जाते’ असे कर्मणी लिहितात. अर्थ तोच असतो.

दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात नकार आहे. बोलीत नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘पन्ति तियेन्ने नॅ’, तास नाहीत. मराठीतही ‘नाही’ शेवटीच येते, त्यामुळे आपली नजर सवयीने शेवटच्या शब्दावर जाते. लेखी सिंहलीत मात्र नकार क्रियापदाच्या आधी ‘नो’ जोडून दाखवतात, आणि तो क्रियापदाला चिकटलेला असतो: පැවැත්වේ म्हणजे भरेल, නොපැවැත්වේ म्हणजे भरणार नाही. दोन्ही वाक्ये एकाच ‘-वे’वर संपतात. घाईत वाचणारा पालक शेवट पाहतो, दोन्ही ठिकाणी ‘पॅवॅत्वे’ वाचतो आणि जादा तासही होणार असे समजून मुलाला दुपारपर्यंत थांबायला सांगतो. त्यातून ‘नो’ लिहिताना න हे अक्षर दोन चिन्हांच्या मध्ये असते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, त्यामुळे ते अक्षर ත आहे की න हे पाहायला आणखी क्षणभर लागतो. म्हणून माझा सल्ला असा की लेखी सूचनेत आधी ‘නො’ शोधावा आणि मगच बाकीचे वाचावे. चौथ्या वाक्यातील නොහැකි, ‘नोहॅकि’, म्हणजे ‘अशक्य’, हाही याच रीतीने बनलेला शब्द आहे. बोलीत त्याची जागा ‘बॅरि’ घेते.

तिसऱ्या वाक्यात සිසුහු ... යති आहे. ‘सिसुहु’ हे विद्यार्थी या शब्दाचे अनेकवचनी कर्तारूप, आणि ‘यति’ म्हणजे ‘जातात’. बोलीत ‘ळमयि गेदर यनवा’ म्हणतील. येथे ත आणि න यांच्या सारखेपणाचा त्रास होतो, कारण सूचनेच्या पहिल्याच ओळीत දෙමාපියනි, ‘पालकहो’, हे संबोधन ‘-नि’वर संपते आणि या वाक्यातील क्रियापद ‘-ति’वर. ති आणि නි यांतील डावीकडचा भाग नीट पाहिला नाही तर हाक आणि क्रिया यांत फरकच उरत नाही. मात्र एक खूण मदतीला येते: संबोधन साधारणपणे सुरुवातीला असते आणि त्यानंतर स्वल्पविराम येतो, तर ‘-ति’चे क्रियापद पूर्णविरामाच्या आधी असते.

चौथ्या वाक्यातील දිය යුතුය, ‘दिय युतुय’, म्हणजे ‘दिले पाहिजे’. यात शेवटचा ‘य’ हा विधान पूर्ण करणारा प्रत्यय आहे; बोलीत तो गळतो, किंवा त्या सबंध रचनेऐवजी ‘कियन्न ओने’, ‘सांगायला हवे’, असे म्हणतात. बाकी तोच ‘य’ नामाला किंवा विशेषणालाही लागतो, जसे තහනම්ය, ‘तहनम्य’, म्हणजे ‘मनाई आहे’. सूचनाफलकावर हा शब्द अनेकदा ‘य’शिवायही दिसतो, आणि अर्थ बदलत नाही.

शेवटच्या वाक्यातील ඉල්ලා සිටිමි, ‘इल्ला सिटिमि’, याचा शब्दशः अर्थ ‘मागून राहिलो आहे’, आणि औपचारिक अर्थ ‘मी विनंती करतो’. हे मुख्याध्यापकांचे एकट्याचे निवेदन आहे, म्हणून ‘-मि’. तेच शाळेच्या विकास समितीच्या नावाने निघाले असते तर සිටිමු, ‘सिटिमु’, म्हणजे ‘विनंती करतो आहोत’, असे आले असते. फरक अक्षराच्या वर कमान आहे की खाली उकार एवढाच, पण सूचनेखाली सही अस्पष्ट असेल तर ती एका व्यक्तीची आहे की मंडळाची हे त्यावरून कळते. विनंतीचा आणखी एक प्रचलित घाट පැමිණෙනු මැනවි, ‘पॅमिणेनु मॅनवि’, म्हणजे ‘कृपया यावे’ असा आहे. आता पाहा: एक विनंती ‘-मि’वर संपते आणि दुसरी ‘-वि’वर. सूचनेची प्रत छायाप्रतीवरून काढलेली असेल तर शाईने ම ची गाठ भरून जाते आणि ම व ව यांत भेद करता येत नाही. अशा वेळी शेवटचे अक्षर सोडून त्याच्या आधीचे पाहावे: आधी ටි असेल तर ‘सिटिमि’, आधी න असेल तर ‘मॅनवि’. तिसरी शक्यता सहसा नसतेच.

मराठी वाचकाला एका बाबतीत फायदा आणि त्याच बाबतीत तोटा आहे. सिंहली बोलताना ණ आणि න, तसेच ළ आणि ල यांचा उच्चार सारखाच होतो, त्यामुळे तेथील मुलांना हे लेखनभेद पाठ करावे लागतात. ණ साठी आपला कान उपयोगी पडतो: श्रेणी, गुण, गणना हे शब्द सिंहलीतही ණ नेच लिहितात. ළ च्या बाबतीत मात्र कानावर भिस्त ठेवू नये. आपली ‘शाळा’ आणि सूचनेतील ශාලාව हे एकाच संस्कृत शब्दाचे अवतार असूनही सिंहलीत ල म्हणजे ‘ल’ आहे. आपल्या ‘काळ’ला तेथे කාල लिहितात. उलट ළමයි, ‘मुले’, हा शब्द ළ नेच सुरू होतो, आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही.

मोबाइलवरील पालकांच्या गटांत येणाऱ्या सूचना आता पूर्णपणे लेखी भाषेत नसतात. सुरुवात ‘गरु देमापियनि’ अशी होते, मधले वाक्य ‘पॅवॅत्वे’वर संपते आणि शेवटी अचानक බෝතලයක් ගේන්න, ‘बोतलयक् गेन्न’, म्हणजे ‘बाटली आणा’, असे साधे बोलीतले आज्ञार्थी रूप येते. ‘-न्न’ आणि ‘-नवा’ ही बोलीची खूण आहे असे समजून वाचल्यास चूक क्वचितच होते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की ‘-वा’ने संपणारे प्रत्येक क्रियापद बोलीतले नसते: සුබ අලුත් අවුරුද්දක් වේවා, ‘सुब अलुत् अवुरुद्दक् वेवा’, म्हणजे ‘नववर्ष शुभ होवो’, यातील ‘वेवा’ हे लेखी भाषेतील आशीर्वादाचे रूप आहे, आणि एप्रिलमध्ये नववर्षाच्या सुटीआधी निघणाऱ्या सूचनेत ते हमखास भेटते.